ऐंशी वर्षांचे चक्र : तारखा जुळतात, तरी शंका का?

प्रश्न : एका पॉडकास्टमध्ये स्ट्रॉस आणि हाव यांचा पिढ्यांचा सिद्धांत ऐकला. १७७६ ला अमेरिकेचे स्वातंत्र्य, १८६१ ला यादवी युद्ध, १९४१ ला पर्ल हार्बर, म्हणजे दर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी मोठे संकट. आपल्याकडेही १८५७ नंतर ९० वर्षांनी १९४७ आलेच की. हा निव्वळ योगायोग वाटत नाही. मग इतिहासकार आणि संख्याशास्त्रज्ञ याला का मानत नाहीत?

उत्तर :

तुमचे निरीक्षण चुकीचे नाही. त्या तारखांमधील अंतरे खरोखरच एकमेकांच्या जवळची आहेत, आणि जो संख्याशास्त्रज्ञ हे आधी मान्य करत नाही त्याने पुढचे काही बोलू नये. माझे बहुतेक आयुष्य कालमालिकांचे विश्लेषण करण्यात गेले. पाऊस, मृत्युदर, बाजारभाव अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींमध्ये खरे आवर्तन कोणते आणि डोळ्यांना भासणारे कोणते, हे ठरवणे हेच माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगतो की अंतरे सारखी आहेत का, हा इथला मुख्य प्रश्न नाही. ज्या घटनांमधील अंतरे आपण मोजतो आहोत त्या घटना कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने निवडल्या, हा खरा प्रश्न आहे.

सिद्धांत थोडक्यात असा आहे. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या दोन अमेरिकन लेखकांनी तो १९९१ च्या पुस्तकात मांडला आणि १९९७ च्या दुसऱ्या पुस्तकात विस्ताराने सांगितला. एका दीर्घ मानवी आयुष्याइतका, म्हणजे ऐंशी ते नव्वद वर्षांचा, एक कालखंड असतो आणि त्यात साधारण वीस-वीस वर्षांची चार पर्वे येतात : उभारी, जागृती, विघटन आणि संकट. प्रत्येक पर्वात वाढलेल्या मुलांना एक विशिष्ट स्वभाव लाभतो, त्यामुळे प्रेषित, भटके, वीर आणि कलावंत अशा चार प्रकारच्या पिढ्या त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. मागचे संकट ज्यांनी स्वतः भोगले ती माणसे निघून गेली की समाज ते विसरतो आणि पुढच्या संकटाला सामोरा जातो, अशी यामागची कल्पना आहे. ही कल्पना मूर्खपणाची नाही. तिला किमान एक कारणयंत्रणा आहे, जी ग्रहांवरून भविष्य सांगणाऱ्या चक्रांना नसते.

आता तारखांकडे वळू. लेखक १७७६ पासून नव्हे, तर पंधराव्या शतकातील इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांपासून सुरुवात करतात. प्रत्येक संकटाचा सर्वपरिचित निर्णायक क्षण घेतला, तर १४८५ ची बॉसवर्थची लढाई, १५८८ चे स्पॅनिश आरमार, १६८९ पर्यंत पुरी झालेली इंग्लंडमधील राज्यक्रांती, १७८१ ची यॉर्कटाउनची लढाई, १८६३ चे गेटिसबर्ग आणि १९४४ चे नॉर्मंडी अशी माळ तयार होते. यातील अंतरे १०३, १०१, ९२, ८२ आणि ८१ वर्षे अशी आहेत. सरासरी जवळजवळ ९२ वर्षे येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे अंतरे सरासरीपासून किती पसरली आहेत याचे माप, सुमारे १०, म्हणजे सरासरीच्या ११ टक्के. घटना पूर्णपणे यदृच्छेने घडत असत्या तर हे विचलन सरासरीइतकेच मोठे असायला हवे होते. एवढेच पाहिले तर तुमचा निष्कर्ष योग्य ठरतो. ‘ऐंशी वर्षे’ हा आकडा मात्र फक्त शेवटच्या दोन अंतरांवरून आलेला आहे, आणि सगळ्या माळेत मिळून अंतरे फक्त पाच आहेत, एवढी नोंद करून ठेवा.

मी व्याख्यानांत एक प्रयोग करत असे. त्याच अमेरिकन इतिहासातून दुसरी माळ घ्यायची : १७६५ चा स्टँप कायदा आणि त्यावरचा वसाहतींचा भडका, १८१२ चे ब्रिटनशी युद्ध, १८६१ चे यादवी युद्ध, १९१७ चा पहिल्या महायुद्धातील प्रवेश, आणि १९६८, ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, शहरे पेटली आणि व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात होते. ही अंतरे ४७, ४९, ५६ आणि ५१ वर्षे आहेत. सरासरी जवळजवळ ५१ आणि प्रमाण विचलन ४ च्याही थोडे आत, म्हणजे सरासरीच्या ८ टक्क्यांहून कमी. नियमितपणाच्या कसोटीवर माझे हे अर्धशतकी चक्र त्या प्रसिद्ध चक्राहून सरस ठरते. ते मी एका संध्याकाळी चहा पिता पिता तयार केले होते आणि त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. एकाच इतिहासातून ५१ वर्षांचे आणि ९२ वर्षांचे अशी दोन्ही चक्रे इतक्या सहज निघतात, याचा अर्थ नियमितपणा इतिहासापेक्षा निवड करणाऱ्याच्या हातात अधिक आहे.

हे का घडते याचा साधा हिशेब मांडता येतो. अमेरिका किंवा इंग्लंडसारख्या देशात नंतर ‘मोठे संकट’ म्हणून मिरवता येईल अशी घटना सरासरी पंधरा वर्षांतून एकदा घडते असे माना. युद्ध, मंदी, सत्तापालट, साथ, बंड हे सगळे धरले तर हा अंदाज सढळ नाही. आता चक्राने सांगितलेल्या वर्षाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा वर्षांची सूट द्या. वीस वर्षांच्या त्या खिडकीत एकही घटना न सापडण्याची शक्यता साधारण चौथा हिस्सा असते, म्हणजे खिडकी भरण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के. अशा सलग चार खिडक्या निव्वळ योगायोगाने भरण्याची शक्यता २९ टक्के येते. हे झाले सुरुवातीचे वर्ष आणि चक्राची लांबी आधीच ठरलेली असताना. ती दोन्ही निवडण्याची मोकळीक असेल, तर कोणते ना कोणते चक्र सापडणे जवळजवळ अटळच होते.

तुमच्या १८५७ आणि १९४७ बद्दल इथेच सांगतो. मागे गेलात तर १७६१ चे पानिपतही हाती लागेल, आणि ९६ व ९० वर्षांची जोडी तयार होईल. परंतु त्यासाठी १८१८ साली पेशवाई बुडाली हे संकट नव्हते असे म्हणावे लागेल, आणि १८७६ ते १८७८ चा दुष्काळही बाजूला ठेवावा लागेल. महाराष्ट्राच्या इतिहासाचा कोणताही विद्यार्थी हे मान्य करणार नाही. सिद्धांताबाबत अमेरिकी इतिहासकारांची तक्रार नेमकी याच जातीची आहे.

ती तक्रार इंग्लंडच्या यादवी युद्धापाशी सर्वांत ठळक दिसते. १६४२ ते १६४९ या काळात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला आणि काही वर्षे राजसत्ताच नाहीशी झाली. इंग्लंडच्या इतिहासात याहून मोठे संकट शोधणे अवघड आहे. तरीही सिद्धांताच्या वेळापत्रकात १६२१ ते १६४९ हा काळ ‘जागृती’चा, म्हणजे धार्मिक आणि आंतरिक मंथनाचा गणला आहे. त्या शतकात सिद्धांताची नजर अटलांटिकपलीकडे न्यू इंग्लंडला गेलेल्या प्युरिटन वसाहतवाल्यांवर असते, असे समर्थक सांगतात, आणि त्यांच्यापुरते ते पटण्यासारखेही आहे. पण मग १५८८ चे आरमार कोणाचे संकट होते? तेव्हा अमेरिकेत इंग्रजांची एकही टिकलेली वसाहत नव्हती. एका शतकासाठी इंग्लंड आणि दुसऱ्यासाठी वसाहती, अशी मोजण्याची जागाच बदलत गेली, तर पट्टी कितीही सरळ असली तरी मोजमापाला अर्थ उरत नाही.

पहिल्या महायुद्धाचेही तसेच. त्यात एक लाखाहून अधिक अमेरिकन सैनिक दगावले आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने त्या देशात सुमारे पावणेसात लाख बळी घेतले. वेळापत्रकात ही वर्षे ‘विघटना’च्या पर्वात मोडतात, संकटाच्या नाही. लेखकांचे यावरचे उत्तर असे की संकट हे घटनेच्या भीषणतेवर नव्हे, तर समाजाने तिला कसा प्रतिसाद दिला यावर ठरते. हे उत्तर तर्कदृष्ट्या चालण्यासारखे आहे, परंतु त्याची किंमत मोठी आहे. प्रतिसाद कसा होता हे घटना घडून गेल्यावर, आणि बहुधा पुढचे पर्व कोणते यायला हवे हे ठाऊक असतानाच ठरवले जाते.

आता यादवी युद्धाविषयी, कारण सिद्धांताची खरी परीक्षा तिथे आहे. चक्रानुसार संकटाच्या काळात तारुण्यात असणारी पिढी ‘वीर’ प्रकारची असायला हवी. दुसऱ्या महायुद्धात लढलेली, १९०१ ते १९२४ दरम्यान जन्मलेली पिढी हे त्यांचे लाडके उदाहरण आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत मात्र वीर पिढीच नाही. १८२२ ते १८४२ दरम्यान जन्मलेल्यांना लेखक ‘भटके’ म्हणतात आणि १८४३ पासूनच्यांना ‘कलावंत’. मधली पिढी गळाली आहे. त्या चक्रात चारऐवजी तीनच प्रकार आहेत, आणि संकटाचे पर्व वीस वर्षांऐवजी पाच वर्षांत आटोपते. लेखकांनी ही अडचण लपवलेली नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. संकट वेळेआधी आणि फार हिंसक रीतीने आल्याने चक्र मोडले, असे ते स्पष्टीकरण देतात. पण संयुक्त संस्थानांच्या स्वतःच्या इतिहासात पूर्ण झालेली संकटे तीनच आहेत. त्यांतील सर्वांत रक्तरंजित संकटातच क्रम चुकत असेल, तर तिनात एक अपवाद झाला. पावसाच्या मालिकेत माझ्या हाताखालच्या कोणी असा निकाल आणला असता, तर मी त्याला अपवादाचे स्पष्टीकरण लिहायला न बसता नियम पुन्हा तपासायला सांगितले असते.

शिवाय हे अनुभव कोणाचे, हाही प्रश्न आहे. १९४६ ते १९६४ हे पर्व सिद्धांतात ‘उभारी’चे, सामाजिक एकजुटीचे मानले जाते. दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीयांसाठी ती वंशभेदाच्या कायद्यांची वर्षे होती. त्याच वर्षांत माँटगोमेरीचा बस बहिष्कार झाला. एका देशात एकाच वेळी जगणाऱ्या दोन वीस वर्षांच्या तरुणांचे पर्व वेगवेगळे असेल, तर ‘पिढीचा स्वभाव’ नेमका कोणाचा वर्णायचा? लेखकांचे पुरावे बरेचसे पत्रे, चरित्रे, भाषणे आणि लोकप्रिय संस्कृती यांतून येतात, आणि अशा साधनांत शिकलेल्या, सत्तेजवळच्या माणसांचा आवाज नेहमीच मोठा असतो.

इथवर घटनांविषयी बोललो. पिढ्यांविषयीची सांख्यिकीय अडचण वेगळी आहे आणि ती अधिक खोल आहे. मुले दररोज जन्मतात, वीस वर्षांच्या घाऊक तुकड्यांनी नाही. १९४२ च्या डिसेंबरात आणि १९४३ च्या जानेवारीत जन्मलेल्या दोघांमध्ये स्वभावाची सीमारेषा आहे, असे सिद्धांत सांगतो, कारण त्यांची ‘बूमर’ पिढी १९४३ ते १९६० अशी आहे. जन्मदराच्या वाढीवर बेतलेली प्रचलित व्याख्या मात्र १९४६ ते १९६४ अशी आहे. एका व्याख्येत बसणारे आणि दुसरीत न बसणारे असे लाखो लोक आहेत.

त्याहून कठीण गाठ वय, काळ आणि जन्मवर्ष या तिघांची आहे. १९८० मध्ये तीस वर्षांचा असलेला माणूस १९५० मध्येच जन्मलेला असणार. दोन गोष्टी कळल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे तरुण असे का वागतात, ते तरुण आहेत म्हणून, आजचा काळ तसा आहे म्हणून, की ते अमुक वर्षी जन्मले म्हणून, हे सरळ रेषेत बदलणाऱ्या कलांबाबत फक्त आकडेवारीवरून वेगळे करता येत नाही. बाहेरून काहीतरी गृहीत धरावेच लागते, आणि गृहीत बदलले की उत्तर बदलते. हे उपकरणाचे वैगुण्य नाही, ते अंकगणितच आहे. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास चारांपैकी तीन जणांचा केंद्र सरकारवर विश्वास होता. १९८० पर्यंत तो चारांपैकी एकावर आला. एखादा म्हणेल, बंडखोर पिढी मोठी झाली. पण घसरण आजोबांमध्येही दिसली आणि नातवांमध्येही. व्हिएतनाम आणि वॉटरगेट सगळ्यांनीच पाहिले होते. तो प्रभाव पिढीचा नव्हे, काळाचा होता. याच गुंत्यामुळे समाजशास्त्रज्ञांनी पिढ्यांच्या लेबलांवर टीका केली, आणि प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०२३ मध्ये ही लेबले यापुढे जपून वापरण्याचे जाहीर केले.

याचा अर्थ जन्मवर्षाला काहीच महत्त्व नाही असा मुळीच नाही. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास माझ्या मते या विषयातला आदर्श आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९२०-२१ मध्ये जन्मलेल्या मुलांचा तो माग होता. पुढे त्यांनी बर्कली येथील १९२८-२९ मधल्या मुलांशी तुलना केली. महामंदी आली तेव्हा पहिली मुले दहाच्या आसपासची होती आणि ती घराला हातभार लावू शकत होती. दुसरी अगदी लहान होती आणि घरातील ताण त्यांनी निमूटपणे सोसला. दुसऱ्या गटातील मुलग्यांवर परिणाम अधिक वाईट झाला. वरवर पाहता हे सिद्धांताला अनुकूल वाटेल, कारण ‘वीर’ पिढी जिथे संपते ती १९२४-२५ ची सीमा या दोन गटांच्या मधूनच जाते. मात्र एल्डर यांना आढळले की ज्या घरांचे उत्पन्न फार घटले आणि ज्यांचे तितके घटले नाही, त्यांच्या मुलांत एकाच जन्मवर्षातही फरक होता, आणि मागे पडलेल्यांपैकी अनेक जण पुढे, काही तर सैन्यातील नोकरीमुळे, सावरले. म्हणजे फरक पडतो, पण तो वयाने, घराने आणि नंतरच्या संधींनी पडतो. साऱ्या पिढीवर एकच शिक्का उमटत नाही आणि उमटलेलाही ऐंशी वर्षे टिकत नाही.

भाकिताबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पॉडकास्टमध्ये त्याचा उल्लेख नक्की असणार. १९९७ च्या पुस्तकात २००५ च्या सुमारास ठिणगी, २०२० च्या सुमारास कळस आणि २०२६ च्या सुमारास निवारण असे वेळापत्रक होते. २००८ ची आर्थिक कोसळण आणि २०२० ची महासाथ पाहून पुष्कळांना अंगावर काटा आला. त्या पुस्तकात ठिणगीच्या शक्यता अनेक होत्या : दहशतवादी हल्ला, नवा रोग, सरकारी अर्थसंकल्पाची कोंडी आणि आणखी काही. इतके पर्याय आणि काही वर्षांची सूट असताना काहीच न घडणे हेच खरे आश्चर्य ठरले असते. २०२३ मध्ये हाव यांनी नवे पुस्तक लिहिले तेव्हा ठिणगी २००८ ला धरली आणि संकटाचा शेवट २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला गेला.

शेवटी आणखी एका प्रयोगाविषयी, जो तुम्ही घरीही करू शकता. १९२७ साली येव्गेनी स्लुत्स्की या गणितज्ञाने सोव्हिएत सरकारी लॉटरीतील विजयी क्रमांकांचे अंक घेतले आणि त्यांची चल सरासरी काढत गेला. निव्वळ यदृच्छेच्या त्या आकड्यांतून इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील व्यापारी तेजीमंदीसारखी लाट उमटली. आम्ही लॉटरीऐवजी फासा वापरत असू. फासा दोनशे वेळा टाकून प्रत्येक सलग दहा आकड्यांची सरासरी काढा आणि कागदावर रेषा ओढा. ती रेषा साधारण दर चौदा फेकांना मधली पातळी ओलांडून वर चढताना दिसेल, कधी आठव्या, कधी पंचविसाव्या. इतिहासकार पर्वे रंगवतात तेव्हा तेही वीस-वीस वर्षांची सरासरीच काढत असतात. विद्यार्थ्यांना रेषा कुठून आली हे न सांगता शिखरांना नावे द्यायला सांगितली, की ते दहा मिनिटांत उभारी आणि पडझड अशी पर्वे आखत, आणि एकाने तर मधल्या एका न बसणाऱ्या खळग्याचे कारणही लिहून दिले होते.